चित्रफितीच्या वाटेतून बाजूला व्हा

आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींना जीवनगौरव देण्याची हौस दांडगी आहे, आणि ती वाईट नाही. ज्याने चाळीस-पन्नास वर्षं गाण्यात, नाटकात, शाळेत किंवा मैदानावर घालवली त्याला जिवंतपणी शाल मिळावी, हे बरंच आहे. माझी तक्रार शालीबद्दल नाही. शालीआधीच्या अर्ध्या तासात त्या माणसाचं जे केलं जातं त्याबद्दल आहे.

कार्यक्रमपत्रिका काढून पाहा. सत्कारमूर्तींचा परिचय. नंतर त्यांच्या जीवनकार्यावरील चित्रफीत. नंतर मानपत्राचं वाचन. नंतर प्रमुख पाहुण्यांचं मनोगत आणि अध्यक्षीय समारोप. या पाचही ठिकाणी तोच माणूस त्याच गावी, त्याच साली पुन्हा पुन्हा जन्माला येतो. पाच वेळा त्याचं शिक्षण होतं, पाच वेळा त्याला तेच पुरस्कार मिळतात. स्वतः सत्कारमूर्तींनाही तिसऱ्या खेपेला आपण खरंच इतके जगलो का अशी शंका येत असावी. या पाचांतला सर्वांत मोठा गुन्हेगार पहिला आहे, म्हणजे चित्रफितीच्या अगदी आधी ध्वनिक्षेपकासमोर उभा राहणारा. बाकीचे झालेलं पुन्हा सांगतात. हा मात्र व्हायच्या आधीच सगळं सांगून टाकतो.

मी स्वतः सूत्रसंचालन करतो, त्यामुळे हे लांबून पाहून लिहीत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की चित्रफितीआधीचा परिचय हा परिचय नसतोच. त्या माणसाची ओळख करून द्यायचं काम चित्रफितीवर सोपवलेलं असतं, त्यासाठी पैसे मोजलेले असतात, कोणीतरी रात्री जागून जुने फोटो स्कॅन केलेले असतात. बोलणाऱ्याचं काम प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न उभा करायचा आणि पडदा उजळायच्या क्षणी गप्प व्हायचं, एवढंच आहे. हे काम सेकंदांत मोजायचं असतं, आणि चित्रफीत पाहिल्याशिवाय ते करताच येत नाही. आमच्याकडे मात्र नव्वद टक्के वेळा बोलणाऱ्याने चित्रफीत पाहिलेलीच नसते. आयोजक म्हणतात, "अहो, ती रात्री उशिरा येणार आहे मोबाइलवर. तुम्ही मुरलेले आहात, तुम्हाला काय बघायचंय? दोन शब्द बोला आणि सोडा." मुरलेला म्हणजे न पाहता बोलणारा, अशी आमच्या समित्यांची समजूत आहे.

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ, आणि तेही आपल्याच घरचं. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार ज्यांच्या नावाने दिला जातो ते कर्नल सी. के. नायडू होळकर संघाचे कर्णधार. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत नेतृत्व त्यांनीच केलं, आणि १९६७ साली ते गेले तेही याच इंदुरात. १९९४ साली सुरू झालेला हा पुरस्कार पहिल्यांदा लाला अमरनाथांना मिळाला, आणि २००२ साली तो मिळाला कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांना. भाऊसाहेब होळकर संघाकडूनही खेळले होते. म्हणजे आपल्या कर्णधाराच्या नावाचा पुरस्कार आपल्याच संघातल्या फलंदाजाकडे आला. त्यांचा एक सत्कार इंदुरात आहे, चार मिनिटांची चित्रफीत तयार आहे आणि तिच्या आधी बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे, असं धरून चालू.

भाऊसाहेबांची गोष्ट अशी. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी करंडकाचा सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद, महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधला तेव्हाचा जागतिक विक्रम डॉन ब्रॅडमन यांचा होता, ४५२. तो मागे टाकायला दहा धावा हव्या होत्या. तेवढ्यात सुट्टी झाली, आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळायला नकार दिला. सामना तिथेच सोडला. विक्रम झाला नाही. ४४३ ही आजही भारतीय फलंदाजाची प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधली सर्वोच्च खेळी आहे, आणि ती खेळणाऱ्याला एकही कसोटी सामना मिळाला नाही.

आता आपल्या पद्धतीचा परिचय कसा होईल ते पाहा. "आजचे आपले सत्कारमूर्ती, क्रिकेटमहर्षी, ज्यांच्या बॅटीतून धावांची गंगा वाहिली, ज्यांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापूर येथे झाला, ज्यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा ठोकल्या, ज्यांचा विश्वविक्रम केवळ प्रतिपक्षाच्या अखिलाडू वृत्तीमुळे हुकला, असे आदरणीय भाऊसाहेब निंबाळकर यांच्या जीवनपटावर आधारित एक छोटीशी चित्रफीत आपण आता पाहणार आहोत. जोरदार टाळ्यांनी त्यांचं स्वागत करू या!"

झालं. आकडा सांगितला, शेवट सांगितला, कोण वाईट वागलं तेही सांगून टाकलं. चार मिनिटांच्या चित्रफितीत आता उरलं काय? ज्या क्षणी पडद्यावर धावफलकाच्या वहीतून ४४३ हा आकडा उमटेल आणि सभागृहातला प्रत्येक माणूस पुढे सरसावून बसेल, तो क्षण परिचयवाल्याने आधीच खाऊन टाकला. त्या आकड्यावर तयार केलेलं संगीत, थांबवलेली फ्रेम, सगळं वाया. आणि शेवटी टाळ्या मागितल्या, तो आणखी एक घात. त्याबद्दल पुढे बोलतो.

बरोबर परिचय लिहिण्याची सुरुवात चित्रफीत दोनदा पाहून होते. पहिल्यांदा नुसती पाहायची. दुसऱ्यांदा कागद घेऊन बसायचं आणि तीन गोष्टी टिपायच्या. पहिलं दृश्य कोणतं आहे. पहिला बोललेला शब्द कितव्या सेकंदाला येतो. आणि चित्रफितीने स्वतःसाठी राखून ठेवलेला मोठा क्षण कोणता. या तिसऱ्या गोष्टीला आपण हात लावायचा नाही, इतका साधा नियम आहे. आपल्या कल्पित चित्रफितीत पहिलं दृश्य जुन्या मैदानाच्या फोटोंचं आहे, खाली नुसती सतार वाजते. चौदाव्या सेकंदाला भाऊसाहेबांचा स्वतःचा आवाज येतो. आणि दुसऱ्या मिनिटाच्या आसपास ती वही, तो आकडा.

मग मी बोलेन ते असं. "बाद होऊन परत येणारे फलंदाज आपण खूप पाहिलेत. समोरचा संघच खेळायचा थांबला म्हणून परत यावं लागलेला फलंदाज बहुतेकांनी पाहिला नसेल. तो आज पहिल्या रांगेत बसला आहे. सी. के. नायडूंच्या होळकर संघात तो खेळला. देशाकडून त्याला एकही कसोटी मिळाली नाही. डिसेंबर १९४८, पुणे. सुट्टी झाली होती. जगातला सर्वांत मोठा विक्रम दहा धावांवर होता. आणि पाहुण्यांच्या खोलीत मात्र काही वेगळंच ठरत होतं."

साठेक शब्दांचा हा मजकूर आहे. मराठी शब्दांना प्रत्यय चिकटलेले असतात, त्यामुळे सभागृहात, घुमणाऱ्या आवाजात, स्वच्छ ऐकू जाईल असं बोललं तर मिनिटाला शंभरच्या आसपासच शब्द बसतात. म्हणजे हा परिचय पाऊण मिनिटाच्या आतबाहेर संपतो. आपल्याकडचे परिचय सहा-सात मिनिटांचे असतात, चित्रफितीपेक्षा लांब. चित्रफितीपेक्षा लांब प्रस्तावना करणाऱ्याला एवढंच विचारावंसं वाटतं की बाबा, तुझाच सत्कार करायचा राहिलाय का?

या मजकुरात जन्मगाव नाही, ४४३ नाही, विशेषणं नाहीत आणि नावही नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. नाव सांगायचं नाही याचं कारण टाळ्या. नाव उच्चारलं की सभागृह टाळ्या वाजवतं, आणि तो त्याचा चांगुलपणा आहे. टाळ्या सात-आठ सेकंद चालतात, माणूस लाडका असेल तर पंधरा. त्याच वेळी पडद्यावर चित्रफीत सुरू झालेली असते, आणि तिचं पहिलं वाक्य टाळ्यांच्या गजरात बुडतं. मागच्या रांगेतल्या आजी शेजारणीला विचारतात, "काय म्हणाले गं?" आणि दुसरं वाक्यही जातं. म्हणून नाव आणि टाळ्या चित्रफीत संपल्यावरच्या आहेत. तेव्हा लोकांना त्या माणसाबद्दल काहीतरी ठाऊक झालेलं असतं आणि टाळ्या मागाव्या लागत नाहीत. चित्रफितीआधीच्या टाळ्या शिष्टाचाराच्या असतात, नंतरच्या मनापासून.

आता सांध्याबद्दल. शब्द संपले आणि चित्र आलं, या दोहोंमध्ये जी फट पडते तिथेच कार्यक्रमाचा हिशेब चुकतो. बोलणारा थांबतो, मागे वळून लॅपटॉपवाल्याकडे पाहतो, लॅपटॉपवाला त्याच्याकडे पाहतो, कोणीतरी हाताने "चालू कर, चालू कर" अशी खूण करतं, पडद्यावर लॅपटॉपचं मुखपृष्ठ येतं, त्यावर कोणाच्या तरी लग्नाचे फोल्डर आणि मुलांची गणिताची प्रश्नपत्रिका दिसते. अख्खं सभागृह ते वाचतं. मग कर्सर फिरतो. मग प्लेयर उघडतो, तोही अर्ध्या पडद्यावर. तोपर्यंत माझ्या शेवटच्या वाक्याने उभा केलेला प्रश्न केव्हाच बसून गेलेला असतो.

यावर उपाय महागडा नाही. परिचयाचा कागद दोन प्रतींत काढायचा, एक माझ्याकडे आणि एक चित्रफीत लावणाऱ्या मुलाकडे. त्याच्या प्रतीत दोन शब्द लाल पेनाने अधोरेखित असतात. पहिला "जगातला". तो ऐकला की दिवेवाल्याने सभागृहाचे दिवे उतरवायला लागायचं, कारण दिवे हळू मावळायला तीन-चार सेकंद घेतात. दुसरा "पाहुण्यांच्या". तो ऐकला की बटण दाबायचं. माझ्या शेवटच्या वाक्याला चार सेकंद लागतात, आणि बटण दाबल्यापासून चित्र दिसायला दोनएक सेकंद जातात. म्हणजे मी तोंड मिटतो तेव्हा अंधार झालेला असतो आणि मैदानाचं पहिलं छायाचित्र पडद्यावर आलेलं असतं. खुणा नाहीत, मागे वळणं नाही. चित्रफीत आधीच उघडून पहिल्या फ्रेमवर थांबवून ठेवलेली असली पाहिजे, आणि ती लॅपटॉपवरच उतरवलेली असली पाहिजे, पेन ड्राइव्हवरून चालवायची नाही. तिचा आवाज कोणत्या वायरने मिक्सरकडे जातो ते दुपारीच पाहून ठेवायचं. कित्येकदा चित्राच्या वायरमधून आवाजही प्रोजेक्टरकडेच जातो, आणि प्रोजेक्टरच्या पोटातला चिमुकला स्पीकर हजार माणसांना ऐकवण्याचा प्रयत्न करतो. पडद्यावर ओठ हलतात आणि सभागृहात शांतता. मग "तांत्रिक अडचणीबद्दल क्षमस्व" हे वाक्य येतं. अडचण तांत्रिक नसते. दुपारी चार वाजता कोणी सभागृहात फिरकलेलं नसतं, ही अडचण असते.

यापेक्षा कसबी पद्धतही आहे. जुने रेडिओ निवेदक गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यांवर बोलत आणि गायकाचा आवाज येण्याच्या नेमकं आधी थांबत. चित्रफितीच्या पहिल्या संगीतावर तसंच बोलता येतं. हिशेब उलटा करायचा असतो. आपल्या चित्रफितीत भाऊसाहेबांचा आवाज चौदाव्या सेकंदाला येतो. त्याआधी दोन सेकंद नुसती सतार ऐकू आली पाहिजे, म्हणजे मी बाराव्या सेकंदाला गप्प व्हायचं. माझी शेवटची दोन वाक्यं, विक्रमाचं आणि पाहुण्यांच्या खोलीचं, मिळून आठ सेकंद घेतात. म्हणजे सुरुवात चौथ्या सेकंदाला. "सुट्टी झाली होती" म्हणून थांबायचं, चित्रफीत सुरू होऊ द्यायची, चार सेकंद तोंड न उघडता उभं राहायचं आणि मग बोलायचं. हे चार सेकंद फार लांब वाटतात. नवशिका तिसऱ्या सेकंदालाच घाबरून "तर मित्रहो" म्हणतो.

चौथा सेकंद घड्याळात पाहायचा नसतो, चित्रात पाहायचा असतो. दुसरं छायाचित्र आलं की बोलायला लागायचं, असं आधीच ठरवून ठेवायचं. पण त्यासाठी बोलणाऱ्याला पडदा दिसला पाहिजे. आपल्याकडे पोडियम पडद्याच्या पुढे असतो आणि बोलणाऱ्याची पाठ चित्राकडे. तेव्हा एकतर विंगेच्या कडेला तिरकं उभं राहायचं, नाहीतर पोडियमवर दुसरा छोटा स्क्रीन ठेवायचा. हे दोन्ही जमत नसेल, किंवा त्याच लॅपटॉपवर, त्याच सभागृहात एकदा तालीम झाली नसेल, तर ही हौस करू नये. आधी सांगितलेली साधी पद्धत पुरते. अर्धवट जमलेल्या करामतीपेक्षा नीट थांबलेलं वाक्य बरं.

याहून मोठी गफलत मंचावर होते, आणि ती कोणाला दिसतही नाही. सत्कारमूर्ती मंचावर, मधल्या खुर्चीत, आणि पडदा त्यांच्या मागे. दिवे जातात, चित्रफीत सुरू होते, आणि ज्यांच्यावर ती काढली ते ऐंशी वर्षांचे गृहस्थ मान वाकडी करून, चष्मा सावरत, मोठमोठ्या चेहऱ्यांचे तुकडे तिरके पाहत बसतात. दोन मिनिटांत मान दुखते, मग ते समोर, अंधारात पाहू लागतात. सगळं गाव त्यांची चित्रफीत पाहतं आणि ते एकटे गाव पाहतात. शेजारचे पाहुणे अधूनमधून त्यांच्या मांडीवर थापटतात, एवढाच दिलासा. याला उपाय एकच आहे, त्यांना पहिल्या रांगेत बसवायचं. म्हणूनच माझ्या मजकुरात "पहिल्या रांगेत बसला आहे" हे वाक्य आहे. पण तिथे नेण्याची वेळ परिचयाच्या आत धरायची नाही. दोन पायऱ्या उतरून चार पावलं चालायला वयस्कर माणसाला मिनिटभर लागतं, हात धरणारा लागतो, आणि तेवढा वेळ सभागृह त्यांच्याकडेच पाहत असतं, बोलणाऱ्याकडे नाही. तेव्हा कार्यक्रम सुरू होण्याआधीच त्यांना तिथे बसवावं आणि मंचावर बोलवावं ते चित्रफीत संपल्यावर. तेव्हा नाव घ्यावं, तेव्हा टाळ्या व्हाव्यात, आणि टाळ्यांच्या आवाजात ते हळू हळू चढून यावेत. मग त्यांच्या चालण्याला लागणारा मिनिटभराचा वेळ वाया जात नाही, तोच सत्कार ठरतो.

आणि चित्रफीत संपल्यावर? शेवटच्या फ्रेमनंतर दोन-तीन सेकंद अंधार तसाच राहू द्यायचा. आपल्याकडे शेवटचा स्वर विरायच्या आत दिवे भक्कन लागतात आणि सूत्रसंचालक म्हणतो, "खरोखर अंगावर रोमांच उभे करणारी चित्रफीत!" रोमांच आले असतील तर ते लोकांच्या अंगावर आहेत, त्यांना सांगायची गरज नाही. आले नसतील तर सांगून येणार नाहीत. त्या जागी फक्त नाव, पूर्ण, सावकाश. "भाऊसाहेब निंबाळकर." बस्स.

आता आयोजकांचं नेहमीचं उत्तर येईल. "अहो, चित्रफीत चाललीच नाही तर? म्हणून तर आम्ही सगळी माहिती आधी सांगायला लावतो." हे उत्तर फसवं आहे. चित्रफीत बंद पडण्याच्या भीतीने ती चालण्याआधीच मारून टाकणं याला खबरदारी म्हणत नाहीत. खबरदारी म्हणजे खिशात एक वेगळा कागद, त्यावर तीन मिनिटांची माहिती, आणि तो फक्त पडदा खरंच काळा राहिला तरच बाहेर काढायचा. मी तो कागद दरवेळी नेतो. बहुतेक वेळा तो घडी न मोडता घरी परत येतो.

दुसरं उत्तर कोणी उघड देत नाही, पण तेच खरं आहे. परिचय करून देणं हा आमच्याकडे मान आहे, काम नाही. देणगीदाराला मंचावर बसवता आलं नाही तर परिचय द्या. जुने अध्यक्ष नाराज आहेत, त्यांना परिचय द्या. कोणाच्या सुनेला बोलायची हौस आहे, तिला परिचय द्या. ज्याला मान म्हणून माइक मिळाला तो पाऊण मिनिटात सोडेल कशाला? तो कोल्हापुरापासून सुरुवात करणारच, कारण त्याच्या दृष्टीने तो पुरस्कार देतोय, चित्रफितीला वाट देत नाहीये. त्याला घड्याळ दाखवणं म्हणजे त्याचा अपमान, आणि सत्कारमूर्तीची मान तासभर वाकडी ठेवणं म्हणजे मात्र रीतभात!

म्हणून पुढच्या जीवनगौरव समारंभाच्या समितीला माझी एकच मागणी आहे. परिचय देणाऱ्याने चित्रफीत पाहिली आहे का, हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लेखी विचारा. पाहिली नसेल तर दोहोंतलं एक रद्द करा. कोणतं रद्द करायचं यावर बैठक घ्यायची गरज नाही. चित्रफीत निदान ठरलेल्या वेळेला थांबते तरी.